हेलकावा की बदल? (लेखमाला : आकड्यांशी बोलताना, भाग ७)

सुरतेहून उत्तरेला निघालेली लोकल तापी ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि मग कोसाडला थांबते. स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे महापालिकेने बांधलेल्या आवास योजनेच्या इमारतींच्या रांगा आहेत. सुरतेतला मराठी माणूस मुख्यतः खानदेशातला. उधन्याहून नंदुरबारमार्गे जळगावकडे जाणारी रेल्वे हीच त्याची गावाकडची वाट. आजच्या भागासाठी मी कोसाड निवडलं ते तिथल्या जगण्याला असलेल्या लयीमुळे. घरं आणि आकडे हिशेब नीट दिसावा म्हणून मी बेतले आहेत. सण, पाळ्या, गावाला जाणं हे मात्र तिथलंच आहे.

समजा, दोन-तीन शिक्षिका मिळून दर शनिवारी १२० मराठी घरांना फोनवर एक गोष्ट पाठवतात. मुलं गुजराती शाळेत जातात, घरातली मराठी कानांवर पडत राहावी एवढाच हेतू. गोष्ट आठेक मिनिटांची, शेवटी एक प्रश्न. पुढच्या शुक्रवारी रात्रीपर्यंत किती घरांतून उत्तर आलं, ते वहीत लिहायचं. निरोप मोजायचे नाहीत, घरं मोजायची. एखादा उत्साही मुलगा एकटाच सहा निरोप पाठवतो आणि तेवढ्यानं आठवडा उगाच फुगतो.

पहिल्या आठ आठवड्यांचे आकडे असे आले : ४६, ५२, ४३, ४९, ५५, ४७, ५०, ४२. नवव्या आठवड्यात ३८. बैठकीत कुणीतरी लगेच म्हणणार, “ताई, गोष्टी कंटाळवाण्या झाल्यात. मागच्या महिन्यात ५५ होते, आता ३८!” ही काळजी खरी असते, माणसं जीव लावून काम करत असतात. पण या घडीला वहीतून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही.

आधी नेहमी वापरला जाणारा नियम तपासू : दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की जागं व्हायचं. पहिल्या आठ आठवड्यांत, म्हणजे कुणी काहीही बदललेलं नसताना, लागोपाठच्या आठवड्यांमध्ये सात फरक पडतात. त्यांतले सहा दहा टक्क्यांहून मोठे आहेत. फक्त ४७ वरून ५० ही एकच चाल त्या मर्यादेत बसते. सात वेळांपैकी सहा वेळा वाजणारी घंटा काहीच सांगत नाही. चूक टक्केवारीची नाही, तिच्यामागच्या लहान आकड्याची आहे. पन्नासच्या आसपासच्या संख्येत पाच घरं इकडची तिकडे झाली की दहा टक्के झाले. आणि पाच घरं इकडची तिकडे व्हायला एखाद्या मजल्यावरच्या दोन मुलांचा ताप आणि एका चुलतभावाची हळद पुरते.

मग नेहमीचा हेलकावा केवढा, हे आकड्यांनाच विचारायचं. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शुहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटंसं टिपण दिलं, त्यात नेहमीच्या हेलकाव्याच्या हद्दी दाखवणाऱ्या तक्त्याचा पहिला आराखडा होता. टेलिफोनच्या सुट्या भागांमधला दोष नेहमीच्या चढउताराचा की खरोखर काही बिघडल्याचा, हा त्यांचा प्रश्न होता. हेच शुहार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतातही आले होते. त्यांच्या पद्धतीचं साधं रूप वही-पेन्सिलीनं करता येतं.

आठ आकड्यांची बेरीज ३८४, म्हणजे सरासरी ४८. आता लागोपाठच्या दोन आठवड्यांतले फरक लिहा, अधिक-उणे सोडून : ६, ९, ६, ६, ८, ३, ८. त्यांची सरासरी साधारण ६.६. हा या उपक्रमाचा नेहमीचा झोका. त्याला २.६६ ने गुणलं की १७.५ येतात. हा गुणक शुहार्टच्या पद्धतीतला ठरलेला आकडा आहे, तो आपण बदलायचा नाही. सरासरीच्या खाली आणि वर तेवढं अंतर मोजलं की हद्दी मिळतात : खालची साडेतीस, वरची साडेपासष्ट. फोनवरच्या तक्त्यात आकडे B2 ते B9 मध्ये आणि फरक C3 पासून खाली असतील, तर खालची हद्द अशी निघते :

```
C3:  =ABS(B3-B2)
D2:  =AVERAGE(B2:B9)-2.66*AVERAGE(C3:C9)
```

नवव्या आठवड्याचे ३८ या हद्दीच्या चांगलेच आत आहेत. ही हद्द अवास्तव रुंद तर नाही ना, हे दुसऱ्या वाटेनं पडताळता येतं. १२० घरांपैकी प्रत्येक घर दर आठवड्याला पाचात दोन एवढ्या शक्यतेनं उत्तर देतं असं धरलं, तर निव्वळ योगायोगानंही बहुतेक आठवडे ३७ ते ५९ च्या दरम्यान पडतात. म्हणजे कुणाचाही जीव गोष्टींवरून उडालेला नसताना ३८ येऊ शकतात.

आता सरकती सरासरी. शेवटचे चार आठवडे घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, पुढच्या आठवड्यात सगळ्यात जुना आकडा सोडून नवा घ्यायचा. आठव्या आठवड्याला ती ४८.५ होती, नवव्याला ४४.२५ झाली. सव्वाचारनं घसरली, आणि बैठकीत पुन्हा कुजबुज सुरू. इथे जरा थांबावं. ही घसरण ३८ मुळे आली तशी ५५ निघून गेल्यामुळेही आली. सरकत्या सरासरीत येणाऱ्याइतकंच जाणाऱ्याचंही वजन असतं. नवव्या आठवड्यात अगदी सरासरीइतके, म्हणजे ४८ आले असते, तरी ती पावणेदोननं खाली आलीच असती. म्हणून ती घसरली की मी आधी चार आठवड्यांपूर्वीचा, खिडकीतून नुकताच बाहेर पडलेला आकडा पाहते.

दुसरी गफलतही इथेच होते. सलग तीन आठवडे सरकती सरासरी खाली दिसली की तीन पुरावे मिळाले असं वाटतं. पण त्या तिन्हींमध्ये तोच एक ३८ बसलेला असतो. चार आठवड्यांची सरासरी आकड्यांचा हेलकावा साधारण निम्मा करते, त्यामुळे तिची हद्दही निम्मी, म्हणजे ४८ च्या दोन्ही बाजूंना पावणेनऊ. खाली ३९.३ पर्यंत ती बिनधोक उतरू शकते.

पुढे काय होतं? समजा नवव्या आठवड्यापासूनचे आठ आकडे असे आले : ३८, ४३, ४१, ४४, ४०, ४२, ३९, ४१. यांतला एकही आकडा साडेतीसच्या जवळही जात नाही. सरकती सरासरी ४०.५ च्या खाली गेलेली नाही, म्हणजे तिचीही हद्द शाबूत. पण आठही आकडे ४८ च्या खाली आहेत. काही बदललेलं नसेल तर एखादा आठवडा सरासरीच्या वर की खाली हा जवळपास नाणेफेकीचा मामला. सलग आठ वेळा खालीच पडायची शक्यता २५६ मध्ये एक. ‘सलग आठ’ हा नियम वेस्टर्न इलेक्ट्रिकच्याच १९५६ च्या हस्तपुस्तिकेत दिलेला आहे. मोठी पडझड हद्द पकडते, हळू सरकलेली पातळी हा नियम पकडतो. मी दोन्ही वापरते, तिसरा सहसा घेत नाही. नियम वाढवत गेलो की खोट्या घंटाही वाढतात.

या आठांची सरासरी ४१. म्हणजे हा खरा बदल आहे, आणि तो सात घरांचा आहे. मात्र दहाव्या आठवड्यात ३८ चे ४३ झाले तेव्हा काय घडलं असतं ते पाहा. घाबरून गोष्ट सांगणारा आवाज बदलला असता, आकडा पाचनं वर आला असता आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, उपाय लागू पडला. खालच्या टोकाला गेलेला आकडा पुढच्या खेपेला बहुधा आपणहून वर येतो. तेवढ्यावर एका चांगल्या वाचक बाईंना बाजूला सारणं हा अन्याय ठरला असता.

बदल खरा ठरला की वही बाजूला ठेवून घरांची यादी काढायची. आधी नियमानं उत्तर देणारी आणि आता गप्प झालेली घरं कोणती? आपल्या उदाहरणात उत्तर असं : नवव्या आठवड्यापासून गोष्ट संध्याकाळी सातऐवजी रात्री नऊला जाऊ लागली होती. लूमच्या कारखान्यात रात्रपाळी असलेला माणूस तोवर घरातला एकुलता चांगला फोन खिशात घालून निघून गेलेला असतो. सकाळी फोन परत येतो तेव्हा मुलं शाळेच्या घाईत. मुलांना गोष्ट नकोशी झाली नव्हती, ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

वेळ पुन्हा सात केली तरी वहीला ते कळायला आणखी दोन महिने लागतील, कारण सात घरांचा फरक एका आठवड्याच्या हेलकाव्यात सहज लपतो. १२० घरांच्या यादीवर ही पद्धत याहून वेगानं काम करू शकत नाही. तोवर त्या सात दारांवर जाऊन विचारणं जास्त लवकर होतं. याउलट एखाद्या आठवड्यात २४ आले, तर वाट पाहू नये. तो हद्दीबाहेरचा आकडा आहे. त्याच रात्री आवाजाची फाइल उघडते का, निरोप सगळ्यांना गेला का, ते बघावं.

आणखी एक काळजी, आणि कोसाडसारख्या ठिकाणी ती सगळ्यात मोठी. आखाजीला लेकी माहेरी जातात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा उत्सव असतो. उत्तरायणात सगळं घर पतंगांसह गच्चीवर असतं. दिवाळीनंतर कारखाने बंद पडले की डबेच्या डबे भरून माणसं गावाला जातात. या आठवड्यांत आकडा पडतो तो योगायोगानं नाही, पण गोष्टींमुळेही नाही. वरच्या हिशेबातून मी असे आठवडे वगळले आहेत. मात्र कोणते वगळायचे ते वर्षाच्या सुरुवातीला पंचांग समोर ठेवून ठरवायला हवं. आकडा पडल्यावर सण शोधायला बसलो, तर प्रत्येक वाईट आठवड्यासाठी एखादा सण सापडतोच.

आठ आकड्यांवर काढलेल्या हद्दी कच्च्या असतात. सोळा-वीस शांत आठवडे जमले की त्या एकदा नव्यानं काढाव्यात आणि मग, खरा बदल सिद्ध झाल्याशिवाय, त्यांना हात लावू नये. दर आठवड्याला हद्द नव्यानं मोजली की घसरणाऱ्या आकड्यांबरोबर हद्दही गुपचूप घसरत राहते.

पुढच्या भागात सणांचे आठवडे मागच्या वर्षीच्या त्याच सणाशी कसे ताडायचे ते पाहू. त्याआधी आपापल्या वहीतले शेवटचे आठ शांत आठवडे काढा, फरकांची सरासरी मोजा आणि खालची हद्द लाल पेन्सिलीनं आखून ठेवा.