वाळवलेला कांदा किलोला किती रुपयांत पडतो? आधी हिशोब, मग विळी!

ब्रह्मपुरीकडे एप्रिल-मे महिन्यात ऊन कडक आणि हवा कोरडी असते. उन्हाळी कांदाही नेमका तेव्हाच निघतो आणि भाव पडतो. मग "वाळवून पावसाळ्यात विकू" असं बरेच जण ठरवतात. ठरवा, पण आधी एक आकडा पाठ करा: दहाला एक.

कांद्यात बहुतेक पाणीच असतं. साल, शेंडा, बूड काढून वाळवलं की 100 किलो कांद्याचे साधारण 10 किलो काप हाती येतात. समजा कांदा 12 रुपयांनी घेतला, तर 1200 रुपये झाले. सोलणं-कापणं 600, वाळवणीची मजुरी 300, पाकिटं 200. एकूण 2300, म्हणजे किलोला 230 रुपये, आणि यात तुमचा नफा अजून धरलेलाच नाही! आता लक्षात घ्या, कांदा 1 रुपयाने महागला की काप 10 रुपयांनी महागतात. कांदा 25 वर गेला की तोच माल 360 ला पडतो. म्हणून कांदा कोणत्या भावाच्या वर घ्यायचा नाही, ते आधीच वहीत लिहून ठेवा.

जळगावचे कारखाने पांढरा कांदा का घेतात, तेही यातच आलं. त्यात पाणी कमी आणि गर जास्त, त्यामुळे उतारा वाढतो, शिवाय काप उजळ राहतात.

आता वाळवणं. काप 3-4 मिलिमीटरचे, सगळे एकसारखे करा. जाड-बारीक झाले की बारीक करपतात आणि जाड आतून ओले राहतात. जाळीच्या ट्रेवर एकच थर पसरा, वर पातळ कापड टाका, दर दोन तासांनी हलवा आणि संध्याकाळी आत घ्या. मेमध्ये दोन-तीन दिवस पुरतात. अवकाळीचं आभाळ दिसलं, तर त्या दिवशी कापूच नका.

वाळलं कसं ओळखायचं? काप वाकला तर कच्चा, कटकन मोडला तर तयार. मग एका ट्रेचं वजन करा आणि तासाभर उन्हात ठेवून पुन्हा करा. वजन उतरलं तर पाणी शिल्लक आहे. शेवटी थंड झालेले मूठभर काप काचेच्या बरणीत एक दिवस बंद ठेवा. आत दव दिसलं किंवा काप चिकटले, तर सगळा माल परत उन्हात. वजन वाढावं म्हणून ओलसर माल भरलात, तर जुलैत गठ्ठे होतात, बुरशी येते आणि गिऱ्हाईक तुटतं. गरम मालही भरू नका, पाकिटात घाम सुटतो.

वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी करताना कसोटी हीच. फक्त सुरी स्टीलची घ्या, लोखंडी विळीने फोडी काळ्या पडतात.

राहिला विक्रीचा प्रश्न. 'एस फॉर एस टेक्नॉलॉजीज'ला 2023 मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तिथे गावातल्या महिला सौर ड्रायरवर माल वाळवतात आणि कंपनी तो पुढे खाद्य उद्योगांना विकते. म्हणजे गिऱ्हाईक आधी ठरलेलं असतं. तुम्हीही आधी अर्धा किलो नमुना करा, जवळच्या ढाब्यावर, मसालेवाल्याकडे दाखवा आणि भाव विचारा. तो भाव तुमच्या 230 च्या वर गेला, तरच पोतं उचला!