अध्यक्षपद गेलं, तरी संचालकपद का राहिलं?

२४ ऑक्टोबर २०१६ ला टाटा सन्सच्या संचालक मंडळाने सायरस मिस्त्रींना अध्यक्षपदावरून काढलं. पण कंपनीचे संचालक म्हणून ते ६ फेब्रुवारी २०१७ पर्यंत होतेच! मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे हे वाचून आधी गोंधळलो. तुम्हीही गोंधळला असाल तर उत्तर सोपं आहे: अध्यक्ष मंडळ निवडतं, म्हणून मंडळ काढू शकतं. संचालकाला मात्र मुदतीआधी काढण्याचा अधिकार भागधारकांचा. त्यासाठी त्यांची सभाच भरवावी लागते.

कंपनी कायदा, २०१३ चं कलम १६९ हेच सांगतं. ठराव साधाच पुरतो, म्हणजे विरोधापेक्षा बाजूने जास्त मतं. (दुसऱ्यांदा नेमलेल्या स्वतंत्र संचालकासाठी मात्र विशेष ठराव लागतो.) पण आधी ‘विशेष नोटीस’ हवी. ती सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीकडे पोचली पाहिजे आणि त्यात नोटिशीचा व सभेचा दिवस धरायचा नाही. समजा सभा ३० जूनला आहे. मग नोटीस १५ जूनपर्यंत यायला हवी. १६ जूनला आली तर मधे १३च दिवस उरतात, आणि सगळा ठराव अडचणीत येतो.

नोटीस आली की कंपनीने तिची प्रत लगेच त्या संचालकाला द्यायची. इथे त्याचा हक्क सुरू होतो. तो आपली बाजू लेखी मांडू शकतो आणि ती सगळ्या भागधारकांना पाठवा असं सांगू शकतो. उशीर झाल्यामुळे किंवा कंपनीच्या चुकीमुळे ती गेली नाही, तर सभेत वाचून दाखवायला लावू शकतो. शिवाय सभेत स्वतः बोलू शकतो, त्याच्याकडे एकही शेअर नसला तरी. मात्र निव्वळ बदनामीसाठी कोणी हा हक्क वापरत असेल, तर न्यायाधिकरण तो थांबवू शकतं.

आता एक कटू गोष्ट. बाजू ऐकणं सक्तीचं आहे, पटवून घेणं नाही. टाटा सन्समध्ये टाटा ट्रस्ट्सकडे सुमारे ६६ टक्के हिस्सा होता, म्हणजे मतांचं गणित आधीच स्पष्ट होतं. मग ऐकून घेण्याचा उपयोग काय? बाकीच्या भागधारकांना दुसरी बाजू कळते, आणि ही संधीच नाकारली असेल तर ठरावाला आव्हान देता येतं.

अपात्रता ही वेगळी गोष्ट. तिथे भागधारकांच्या मतदानाचा प्रश्नच नसतो. न्यायालयाने दिवाळखोर ठरवलं आणि त्यातून अजून मुक्तता नाही, किंवा सहा महिने वा जास्त कैद झाली आणि ती संपून पाच वर्षं झाली नाहीत, तर कलम १६४ माणसाला अपात्र ठरवतं. कंपनीने सलग तीन वर्षं हिशेबपत्रकं किंवा वार्षिक विवरणं भरली नाहीत, तरी तिच्या संचालकांवर पाच वर्षांची बंदी येते. मित्राच्या स्टार्टअपमध्ये ‘नावापुरता’ संचालक होताना सही करण्याआधी एवढं एकच विचारा: विवरणं कोण भरतंय?