बारावर एक, पण तिसावर किती?

महिन्याच्या सुरुवातीला साबण कंपनीचा प्रतिनिधी वितरकाकडे येतो आणि दोन वाक्यांत स्कीम सांगून जातो : ‘या महिन्यात बारावर एक फ्री. शिवाय छत्तीस वड्या उचलल्या तर चार टक्के, पूर्ण पेटी उचलली तर सहा.’ सेल्समन हेच दुकानादुकानांत सांगतो आणि संध्याकाळी मागण्या वितरकाच्या कार्यालयात येऊन पडतात. खरेदी, गोदाम, बिलं आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीला ईआरपी म्हणतात. ही स्कीम त्या प्रणालीत भरायला बसलं, की बोलताना सुटून गेलेले प्रश्न एकेक करून समोर येतात. त्यांची उत्तरं वितरकाने दिली नाहीत, तर संगणक स्वतःच्या पद्धतीने देतो आणि त्याचे पैसे वितरकाच्या खिशातून जातात.

हिशेबासाठी वडीचा दुकानदाराला भाव ३० रुपये धरू, पेटीत ७२ वड्या, आणि कर बाजूला ठेवू. दुकानदाराने ३० वड्या मागितल्या. बारावर एक, मग चोविसावर दोन, आणि वरच्या सहांचं काय? मुंबईच्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली घेऊ. तिच्यात अशी स्कीम `Promotional Scheme` या पानावर भरतात. किमान संख्या १२ आणि मोफत १, एवढंच लिहून थांबलं तर दुकानदाराने १२ घ्याव्यात की १२०, मोफत वडी एकच मिळते. दर बारा वड्यांमागे एक हवी असेल, तर `Is Recursive` ही खूण करून पुढे `Recurse Every` मध्ये १२ लिहावं लागतं. आता तिसावर प्रणाली सरळ भागाकार करते आणि उत्तर येतं अडीच वड्या. वडी हा पूर्ण नग आहे असं एककाच्या नोंदीत लिहिलेलं असेल, तर बिल अडतं. तसं लिहिलेलं नसेल, तर बिलावर खरोखर २.५ छापलं जातं आणि गोदामात अर्धी वडी कमी होते. यासाठी नव्या आवृत्त्यांत `Round Free Qty` अशी आणखी एक खूण आहे. ती केली की वरच्या सहा वड्या सोडून दिल्या जातात आणि मोफत वड्या दोनच राहतात.

टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वेगळाच पेच आहे. प्राप्तिकराचे स्लॅब आपल्या ओळखीचे असतात : उत्पन्न वरच्या टप्प्यात गेलं, तरी वरचा दर फक्त वाढीव रकमेला लागतो. व्यापारातला स्लॅब सहसा तसा नसतो. टप्पा ओलांडला की सूट सगळ्या मालावर लागते. म्हणून ७१ वड्यांचं बिल चार टक्के सूट वजा जाता २,०४४ रुपये ८० पैसे होतं, आणि ७२ वड्यांचं सहा टक्के वजा जाता २,०३० रुपये ४० पैसे. एक वडी जास्त घेणाऱ्याचं बिल १४ रुपये ४० पैशांनी कमी! यात चूक काही नाही. दुकानदाराने पूर्ण पेटी उचलावी म्हणूनच कंपनी ही उडी ठेवते. पण सेल्समनला ती माहीत असायला हवी, कारण ७० वड्या मागणाऱ्याला दोन वड्या वाढवायला न सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे.

हेच टप्पे भरताना एक चूक वारंवार होते. पेटीचा विचार डोक्यात असतो, म्हणून किमान संख्येच्या रकान्यात १ लिहिलं जातं. स्कीममध्ये वेगळं एकक दिलेलं नसेल, तर प्रणाली मोजते ते गोदामाच्या एककात, म्हणजे वड्यांत. मग एक वडी घेणाऱ्यालाही सहा टक्के मिळू लागतात. हे ओळखायचं कसं? पहिल्याच दिवसाची बिलं सुटीच्या टक्क्यांनुसार चाळावीत. सहा टक्क्यांच्या बिलांत लहान मागण्या दिसल्या, तर एकक चुकलं आहे.

मात्र सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो दोन्ही स्कीम एकावर एक चढतात तेव्हा. बारावर एक ही सूट किती टक्क्यांची? बहुतेक जण बाराने भागून सव्वाआठ-साडेआठ टक्के सांगतात. पण हातात माल तेरा वड्यांचा येतो, म्हणून एकाला तेराने भागायचं : ७.६९ टक्के. आता ७२ वड्यांवर सहा मोफत गेल्या आणि वर सहा टक्केही लागले, तर दुकानदाराला ७८ वड्या २,०३० रुपये ४० पैशांत मिळतात. एक वडी साधारण २६ रुपयांना पडली, म्हणजे एकूण सूट तेरा टक्क्यांच्या वर गेली.

हे कोण सोसणार? समजा, वितरकाला वडी २८ रुपये ५० पैशांना पडते. ७२ वड्यांवर त्याची कमाई १०८ रुपये. मोफत गेलेल्या सहा वड्या कंपनी मालाने भरून देणार आहे. पण तिच्या पत्रकात ‘दोन्हींपैकी एकच स्कीम’ असं लिहिलेलं असेल, तर सहा टक्क्यांचे १२९ रुपये ६० पैसे क्लेममध्ये नामंजूर होतात आणि या पेटीवर वितरकाला २१ रुपये ६० पैशांचा तोटा होतो. बिल करताना तो दिसत नाही. महिना-दोन महिन्यांनी क्लेमचा हिशेब परत येतो, तोवर स्कीम संपलेली असते आणि दुकानदाराकडून वसूल करायला काहीच उरत नाही. म्हणून पत्रक लेखी मागून घ्यावं आणि एकाच बिलावर अनेक नियम लावण्याची परवानगी बंद ठेवावी. मग कोणता नियम लागणार हे `Priority` ठरवते. मोठा आकडा असलेला नियम जिंकतो. दोन नियमांना एकच आकडा देऊन गोंधळ वाढवू नये.

मोफत वडी बिलावर वेगळ्या ओळीत, शून्य भावाने दिसली पाहिजे. सेल्समनने ती बिलाबाहेर हातात दिली, तर गोदामातला माल कागदाशी जुळत नाही आणि क्लेमला पुरावाही राहत नाही. जीएसटीच्या दृष्टीनेही ही ओळ महत्त्वाची आहे. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रक क्रमांक ९२ नुसार ‘एकावर एक मोफत’ म्हणजे भेट नव्हे, तर एकाच किमतीत झालेला दोन वस्तूंचा पुरवठा. त्यामुळे त्या मालावरचं इनपुट क्रेडिट टिकतं. निव्वळ भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावर ते मिळत नाही. टक्क्यांची सूटही बिलातच दाखवली, तर तेवढी रक्कम करपात्र मूल्यातून वजा होते.

माल परत येतो तिथे मात्र माणसालाच लक्ष घालावं लागतं. ७२ वड्या नेलेल्या दुकानदाराने १२ परत केल्या. आता त्याच्याकडे विकत घेतलेल्या ६० आहेत, म्हणजे हक्काच्या मोफत वड्या पाच. पण नेल्या आहेत सहा. परतीचं बिल जुन्या बिलावरून तयार होतं आणि त्यावर स्कीमचा नियम पुन्हा चालत नाही. सहावी वडी परत घ्यायची की तिचे पैसे लावायचे, हे आधी ठरवून ठेवलेलं नसेल, तर ती तशीच जाते. दुकानदारालाही हे स्कीम सांगतानाच सांगितलेलं बरं. परतीच्या वेळी सांगितलं, तर तो भांडतो, आणि त्याचं म्हणणं रास्त असतं.

स्कीम चालू करण्याच्या आदल्या संध्याकाळी ११, १२, ३०, ३५, ३६, ७१ आणि ७२ वड्यांची चाचणी बिलं करून पाहावीत आणि शेवटच्या बिलातल्या काही वड्या परत घेऊनही पाहाव्यात. प्रत्येक बिलाचं उत्तर आधी कागदावर हाताने काढायचं, मगच पडद्याकडे बघायचं. या कामाला अर्धा तास पुरतो.