वरून विझलेली, आत धुमसणारी

2 मार्च 2023 रोजी कोचीजवळच्या ब्रह्मपुरम कचरा डेपोला आग लागली. अग्निशमन दलाचे बंब आले, नदीचं पाणी पंपांनी उपसून मारलं गेलं, हेलिकॉप्टरमधूनही पाणी ओतलं गेलं. ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी धूर हटेना. आग पूर्ण विझल्याचं प्रशासनाने जाहीर केलं ते 13 मार्चला.

एवढ्या पाण्याने आग का विझली नाही? कारण ती पृष्ठभागावर नव्हतीच. वर्षानुवर्षं साचलेल्या प्लास्टिकच्या थरांत ती खोलवर उतरली होती. कोळसा पाडणारे लाकडाची रास मातीने लिंपतात, तेव्हा आत ज्वाळा नसते, पण लाकूड जळत राहतं. कचऱ्याच्या ढिगात हेच घडतं. धुमसायला हवा अगदी थोडी पुरते, ती भेगांतून मिळते आणि वरचा कचरा आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ओतलेलं पाणी सोपी वाट शोधत खाली निघून जातं. निखाऱ्यापर्यंत पोचतंच असं नाही. म्हणून ब्रह्मपुरमला शेवटी पोकलेन लावून ढीग उकरावा लागला आणि उघडा पडलेला कचरा भिजवत पुढे जावं लागलं. काम संथ आणि धोक्याचं, कारण उकरलं की निखाऱ्याला ताजी हवा मिळते.

मिथेनचं गणित थोडं वेगळं आहे. दाबल्या गेलेल्या ओल्या कचऱ्यात हवेविना जगणारे जिवाणू वायू तयार करतात, त्यात साधारण निम्मा मिथेन असतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असलं तरच तो पेटतो. ढिगाच्या पोटात हवाच नसल्याने तो तिथे पेटत नाही. भेगांपाशी हवेत मिसळला की पेटतो. मुंबईत देवनारला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनाही टिपता आला होता.

ठिणगी मात्र लागतेच, आणि हल्ली ती अनेकदा लिथियम बॅटरीतून येते. बुलडोझरखाली किंवा भंगाराच्या गोदामातल्या प्रेसमध्ये बॅटरी चेपली की आतला पातळ पडदा फाटतो आणि शॉर्टसर्किट होतं. मग तापलेली बॅटरी स्वतःच आणखी तापत जाते आणि ज्वलनशील वायू ओकते. कधीकधी हे चेपल्यानंतर काही तासांनी घडतं, म्हणजे गोदामाला कुलूप लागल्यावर.

आत आग आहे हे ओळखायच्या खुणा आहेत: जमीन अचानक खचते, भेगांतून वाफ येते, वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढतो. डेपोवर लक्ष असेल तर या खुणा वेळेत दिसतात.

घरातली फुगलेली मोबाइलची बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा घेणाऱ्याकडे वेगळी द्या.