दोन टक्के कुणाच्या खिशातून?

भोसरीतला एखादा छोटा कारखाना डोळ्यासमोर आणा. दोन-तीन सीएनसी मशिनं, टर्निंगचे जॉब आणि ठरलेल्या चार-पाच पार्ट्या. माल वेळेवर जातो, पैसे मात्र वेळेवर येत नाहीत. कॅश क्रेडिटची मर्यादा महिनाअखेरीला भरत येते, पगार तोंडावर असतात. अशा वेळी मालक वैतागून सगळ्या ग्राहकांना एक पत्र धाडतो : ‘लवकर पैसे दिल्यास दोन टक्के सूट.’ आकडा छोटा वाटतो आणि बाजारात सगळेच देतात, म्हणून तोही देतो.

हे दोन टक्के विक्रीवरचे असतात, नफ्यावरचे नव्हेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. समजा, बिल १,००,००० रुपयांचं आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण १,१८,००० होतात. माल, मजुरी, वीज, भाडं सगळं वजा जाता हातात ८,००० उरतात. बँकेचं व्याज अजून यातूनच जायचं आहे. दोन टक्के सूट म्हणजे २,००० रुपये. विक्रीत ते किरकोळ दिसतात, पण नफ्याचा चौथा हिस्सा गेलेला असतो.

मग सूट द्यायचीच नाही का? द्यावी, पण आधी तिची किंमत काढून. ग्राहक ठरल्याप्रमाणे ४५ दिवसांनी पैसे देतो आणि सुटीमुळे १५ दिवसांत देणार आहे, असं धरू. पैसे तीस दिवस आधी आले. कॅश क्रेडिटवर वर्षाला १२ टक्के व्याज पडत असेल, तर १,१८,००० रुपयांवर एका महिन्याचं व्याज १,१८० रुपये वाचलं. इथे जीएसटीची रक्कमही धरायची, कारण ते पैसेही ग्राहकाकडेच अडकलेले असतात. १० तारखेच्या बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, पार्टीचे पैसे आले असोत वा नसोत. १,१८० रुपये वाचवायला २,००० द्यायचे म्हणजे प्रत्येक बिलामागे ८२० रुपयांचा खड्डा. एक टक्का, म्हणजे १,००० रुपये दिले तर मात्र १८० रुपये आपल्याकडे राहतात.

आता समोरच्याच्या खुर्चीत बसून पाहा. ग्राहक मोठी कंपनी असेल आणि तिला बँकेकडून ९ टक्क्यांनी पैसे मिळत असतील, तर महिनाभर आधी पैसे दिल्याचा तिचा खर्च सुमारे ८८५ रुपये. तिला १,००० मिळाले तर तिचाही फायदा. ८८५ ते १,१८० या पट्ट्यातच दोघांचं भलं होतं. याचा सरळ अर्थ असा की, ज्याचा पैसा आपल्यापेक्षा स्वस्त आहे त्यालाच ही सूट द्यावी. जो ग्राहक स्वतः १४-१५ टक्क्यांनी उचल घेतो, त्याला एक टक्का परवडणारच नाही. त्याला परवडेल इतकी सूट आपल्याला परवडणार नाही. त्याच्याकडे पत्र न पाठवता वसुलीचा फोन नियमित करावा. उलट, आपणच खासगीत महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलत असू, तर हिशेब पालटतो. मग दोन टक्के सूटही स्वस्त पडते, कारण व्याजच २,३६० वाचतं.

एक मोह इथे टाळायला हवा. ‘हा ग्राहक तसाही ७५ दिवस लावतो, म्हणजे दोन महिन्यांचं व्याज वाचेल, मग दोन टक्के परवडतातच,’ असं मनात येतं. बेरीज बरोबर आहे, पण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराला २००६च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढच्या उशिरावर चक्रवाढ व्याज मागायचा हक्क आहे. पंचेचाळीसाव्या दिवसानंतरचा काळ धरून सूट काढली, तर आपल्या हक्काचे पैसे आपणच विकत घेतल्यासारखं होतं. हिशेब मुदतीच्या आतल्या दिवसांचाच करावा.

आता पत्र. ते सगळ्या पार्ट्यांना एकदम पाठवू नये. लेजर काढून प्रत्येकाचे सहा महिन्यांतले पैसे सरासरी किती दिवसांनी आले ते पाहावं. जो विसाव्या दिवशी न सांगता पैसे टाकतो, त्याला पत्र गेलं तर पाच दिवसांच्या घाईसाठी १,००० रुपये जातात आणि व्याज दोनशेसुद्धा वाचत नाही. यादी केली की मजकूर साधारण असा होतो :

‘सप्रेम नमस्कार. आपल्या बिलांची मुदत बिलाच्या तारखेपासून ४५ दिवस आहे व ती तशीच राहील. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळातील बिलांची पूर्ण रक्कम बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत आमच्या खात्यात जमा झाल्यास, जीएसटी सोडून मूळ रकमेवर १ टक्का सवलत देऊ. जुनी कोणतीही मुदत उलटलेली बाकी नसावी. रक्कम जमा झाल्यावर क्रेडिट नोट पाठवू, ती पुढील बिलातून वळती करावी. मालाच्या दरात बदल नाही. ३० सप्टेंबरनंतर ही सवलत आपोआप बंद होईल.’

यातला एकेक शब्द कुठल्या तरी गळतीवर बूच आहे. ‘मूळ रकमेवर’ लिहिलं नाही, तर अकाउंट्स खातं १,१८,००० वर टक्का लावतं आणि बिलामागे आणखी १८० जातात. ‘खात्यात जमा’ नसेल, तर चेकवरची तारीख पुढे केली जाते. ‘बिलाच्या तारखेपासून’ न म्हटल्यास स्टोअरमध्ये माल उतरवून नोंद झाल्यापासून दिवस मोजले जातात, आणि ती नोंद आठवडाभर रखडू शकते. मोठी कंपनी या अटीला नकार देईल. मग नोंदीचा दिवस मान्य करावा, पण पंधराऐवजी दहा दिवस ठेवावेत.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दराचं आहे. सूट बिलातच कापून दाखवली, तर पर्चेसवाल्याला कमी झालेला दर दिसतो आणि पुढच्या वेळी बोलणी तिथूनच सुरू होतात. ‘मागच्या वर्षी एवढ्यालाच देत होता,’ असं ऐकावं लागतं. म्हणून पूर्ण पैसे आधी आणि क्रेडिट नोट नंतर. ही नोट जीएसटीला हात न लावता निव्वळ व्यापारी नोट म्हणून काढता येते : आपण भरलेला कर तसाच राहतो, ग्राहकाचं इनपुट क्रेडिटही. जीएसटीही कमी करायचा असेल, तर पत्र पाठवण्याआधी सीएशी बोलून घ्यावं.

तरी एखादा ग्राहक तिसाव्या दिवशी पैसे भरून एक टक्का कापतोच. त्या दिवशी गप्प बसलं की अट मोडली. त्याच आठवड्यात, नम्रपणे पण आकड्यासकट, ‘बिल अमुक, जमा तिसाव्या दिवशी, सवलत लागू नाही, १,००० रुपये बाकी’ असं मेलवर कळवावं आणि लेजरमध्ये ती बाकी उभी ठेवावी. पुढच्या बिलाची सूट त्याच बाकीमुळे आपोआप अडते, कारण जुन्या बाकीची अट पत्रातच आहे.

सप्टेंबर संपला की पुन्हा लेजर उघडावा. सूट घेणाऱ्यांचे पैसे आधी किती दिवसांनी येत होते आणि आता किती दिवसांनी येतात, हे शेजारी शेजारी मांडावं. ४५ चे १५ झाले असतील, तर पुढच्या तिमाहीसाठी त्याच ग्राहकाला नव्या तारखांचं पत्र जावं. २२ चे १४ झाले असतील, तर त्याला ते पुन्हा पाठवू नये.