आईला मे महिन्यात, वडिलांना नोव्हेंबरात

मे महिन्यातला दुसरा रविवार अमेरिकेत ‘मदर्स डे’ म्हणून सरकारी मान्यतेनं पाळायला लागून १९१८ साली चारच वर्षं झाली होती. त्या वर्षी तो १२ तारखेला आला, तेव्हा लाखो अमेरिकन मुलं घरापासून हजारो मैलांवर, फ्रान्समध्ये होती. सरसेनापती जनरल जॉन पर्शिंग यांनी इच्छा जाहीर केली, की त्या दिवशी प्रत्येक अधिकाऱ्यानं आणि प्रत्येक शिपायानं घरी पत्र लिहावं. ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ हे सैनिकांचं साप्ताहिक फेब्रुवारीपासून पॅरिसमध्ये छापलं जात होतं. त्यानं ही कल्पना उचलून धरली. पाकिटाच्या कोपऱ्यात ‘मदर्स लेटर’ असं लिहायचं, म्हणजे टपालखातं ते पुढे काढणार.

हा दिवस ज्यांच्या प्रयत्नांतून सुरू झाला, त्या अ‍ॅना जार्विस यांच्या मनात हेच होतं. मे १९०८मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये, त्यांच्या दिवंगत आईच्या आठवणीत, पहिला कार्यक्रम झाला. मुलानं किंवा मुलीनं आईला स्वतःच्या हातानं पत्र लिहावं, छापील कार्ड विकत घेऊन धाडू नये, असा त्यांचा आग्रह होता आणि पुढे त्या कार्डांच्या धंद्याशी त्या आयुष्यभर भांडल्या. फ्रान्समधल्या शिपायाला कार्ड विकत घ्यायला दुकानच नव्हतं. वायएमसीए किंवा रेडक्रॉसच्या छावणीतल्या झोपडीत फुकट कागद मिळे. तिकीटही लागत नसे, कारण ऑक्टोबर १९१७च्या कायद्यानं परदेशातल्या सैनिकांचं टपाल मोफत झालं होतं.

आता अशा एका पत्राचा प्रवास पाहू. समजा, आयोवा राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा आहे. तो १६८व्या पायदळ पलटणीत आहे. ही पलटण ४२व्या, म्हणजे ‘रेनबो’ डिव्हिजनमधली, आणि मे महिन्यात ही डिव्हिजन लॉरेन प्रांतात बाकारा गावाच्या आसपास खंदकांत आहे. आईला लिहायला बसला, की पहिल्याच ओळीत अडचण येते. वर गावाचं नाव लिहायचं नाही. ‘फ्रान्समध्ये कुठेतरी’ एवढंच चालतं. पलटण कुठून आली, कुठे जाणार, बाजूला कोणती तुकडी आहे, कोण जखमी झालं, तोफांचा मारा किती झाला, यातलं काहीही नाही. पत्र पाकिटात घालून उघडंच आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. तो ते वाचणार, नको तेवढं खोडणार किंवा कापणार, मग पाकीट बंद करून त्यावर सही करणार. ज्याच्या हाताखाली उद्या लढायचं, त्याच माणसानं आपलं आईला लिहिलेलं वाचायचं, हे कोणालाही अवघड जाईल. खासगी मजकुरासाठी निळी पाकिटं असत. ती कंपनीत न उघडता तळावरच्या सेन्सॉरकडे जात. वाचणारा अनोळखी, एवढाच दिलासा.

सेन्सॉरनं जे खोडलं नसतं, ते मुलगा स्वतःच लिहीत नसे. खंदकातला चिखल आणि विषारी वायूची भीती वाचून आईला झोप लागणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून मे महिन्यातली ही पत्रं जेवण चांगलं आहे, तब्येत ठीक आहे, मोजे मिळाले, शेतीचं काय चाललं आहे, यांवर फिरत राहतात. ती वाचताना मुलगा कुठे होता ते कळत नाही. आईनं काय वाचावं असं त्याला वाटत होतं, ते मात्र स्पष्ट कळतं.

आपल्याकडच्या सैनिकांनी हीच अडचण त्याच भूमीवर तीन-चार वर्षं आधी सोसली होती. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या १९१४च्या ऑक्टोबरात न्यव शापेलला लढल्या. भारतीय सैनिकांची पत्रं वाचायला बूलोनमध्ये वेगळं सेन्सॉर कार्यालय होतं. अनेकांना लिहिता येत नसे, म्हणून पत्र दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावं लागे, आणि गावात आईबापांनाही ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. सेन्सॉर धरून मुलगा आणि आई यांच्यामध्ये तीन माणसं! तरी त्यांनी वाट काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे सैनिक, आणि मग पत्रात निव्वळ मिरच्या संपत आल्याचं लिहायचं. घरच्यांना कळायचं. बऱ्याचदा सेन्सॉरलाही कळायचं, आणि त्याच्या अहवालांत ती पत्रं उतरून ठेवली गेली म्हणूनच ती आज वाचता येतात.

आता पुन्हा आयोवाच्या मुलाकडे. उन्हाळ्यात त्याची डिव्हिजन शाम्पेनमध्ये लढली, मग ऊर्क नदीकाठी, सप्टेंबरात सँ मिएलला, ऑक्टोबरात अर्गोनच्या टेकड्यांवर. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. आणि २४ नोव्हेंबरचा रविवार ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’नं वडिलांच्या पत्रासाठी ठरवला. जूनमधला ‘फादर्स डे’ १९१०पासून स्पोकेन शहरात पाळला जात होता, पण त्याला कायद्याची मान्यता १९७२पर्यंत मिळाली नाही. सैनिकांच्या वडिलांचा दिवस असा नोव्हेंबरात आला. कारण व्यावहारिक होतं. समुद्रापार पत्र पोचायला तीन-चार आठवडे लागत, तेव्हा त्या दिवशी लिहिलेलं पत्र नाताळच्या सुमारास घरी पडलं असतं.

मोठा फरक मात्र नियमांत होता. लढाई संपल्यामुळे आता आपण कुठे कुठे होतो, ते लिहायला परवानगी मिळाली. वर्षभर तोंड बांधून ठेवलेल्या मुलांनी त्या रविवारी वडिलांना सगळं सांगितलं: कोणत्या बंदरात उतरलो, कोणत्या गावी मुक्काम, कोणत्या तारखेला पहिल्यांदा आघाडीवर गेलो, कोणत्या टेकडीवर किती दिवस काढले. रेनबो डिव्हिजन तेव्हा जर्मनीकडे कूच करताना लक्झेंबर्गमध्ये थांबली होती, म्हणजे आपल्या मुलानं पत्रावर ‘लक्झेंबर्ग’ असं सरळ नाव घातलं असतं. जी माहिती आईपासून मुद्दाम लपवली, ती वडिलांना तारखांसकट मिळाली. यात त्या काळची घरातली वाटणीही दिसते. आईला काळजीपासून दूर ठेवायचं, आणि वडिलांना हिशेब द्यायचा. पण तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांनी मिळून वाचला नसेल, असं मानणं कठीण आहे.

जुनं पत्र हाती आलं, तर ते कोणत्या प्रकारचं हे ओळखणं सोपं आहे. पाकिटावर तिकिटाच्या जागी ‘सोल्जर्स मेल’ सारखी नोंद, खालच्या बाजूला अधिकाऱ्याची सही, आणि आत गावाचं नाव नसेल तर ते युद्धविरामाआधीचं. तारीख २४ नोव्हेंबर १९१८ असेल आणि गावांची रांग लागली असेल, तर ते वडिलांचं पत्र. पण त्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. मुलगा आठवणीतून लिहीत होता, फ्रेंच नावं कानानं ऐकली तशी उतरवत होता, त्यामुळे एखादं गाव नकाशावर सापडत नाही. मोठ्यानं उच्चारून पाहिलं की बऱ्याचदा सापडतं.

या पत्रांची किंमत पुढे एका आगीनं वाढवली. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या सरकारी अभिलेखागारात आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सेवेतून मोकळ्या झालेल्या भूसैनिकांच्या नोंदींपैकी सुमारे ८० टक्के जळाल्या. पहिल्या महायुद्धात लढलेल्या बहुतेकांच्या फायली त्यात गेल्या. त्यामुळे पणजोबा नेमके कुठे लढले याचा माग काढणारी अमेरिकन कुटुंबं आज माळ्यावरच्या पेट्यांत सगळ्यात आधी शोधतात ते १९१८च्या त्या नोव्हेंबरातलं, वडिलांना लिहिलेलं पत्र.