पत्र्यावरचा पाऊस आणि मेंदूतला बदाम

25 जुलै 2024, पुणे. रात्रभर कोसळणारा पाऊस, त्यात खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे लोकांना जाग आली, तेव्हा तळमजल्यांच्या घरात पाणी शिरलेलं होतं. पुढे विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात गेला.

समजा, तिथल्या तळमजल्यावर एक काकू राहतात. त्यानंतर कधीही रात्री बाहेरच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजू लागला की त्यांच्या छातीत धस्स होतं. घसा कोरडा, हात गार. धरणातून थेंबही सोडलेला नाही हे त्यांना माहीत असतं, तरीही.

कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा नि बदामाच्याच आकाराचा एकेक पेशीपुंज असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. पत्र्याचा आवाज आणि पाण्याचा धक्का या दोन्हींच्या वार्ता त्याच्या एका भागात येऊन त्याच पेशींवर पडतात. दोन्ही एकाच वेळी पोचल्या, की आवाजाची एरवी कमकुवत असलेली जोडणी बळकट होते. पुढच्या वेळी नुसता आवाजही पुरतो. मग आतला दुसरा भाग खाली मेंदूच्या बुंध्याकडे हुकूम सोडतो: ठोके वाढव, स्नायू आवळ, थिजून उभी राहा. उंदरांमध्ये आवाज अमिग्डलापर्यंत सुमारे 12 मिलिसेकंदांत पोचतो. ‘अगं, साधा पाऊस आहे’ हा विचार तयार व्हायच्या आत हृदयाने उडी घेतलेली असते, ती अशी.

याहून थक्क करणारी गोष्ट बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या सुमंत्र चटर्जींच्या प्रयोगशाळेतली. 2005 मध्ये त्यांनी नि रूपशी मित्रा, शंतनू जाधव वगैरे सहकाऱ्यांनी उंदरांना एकदाच, फक्त दोन तास, जखडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डलात काही फरक नाही. दहा दिवसांनी पाहिलं, तर तिथल्या पेशींच्या फांद्यांवर नवे काटे फुटलेले, म्हणजे नव्या जोडण्यांच्या जागा तयार झालेल्या, आणि उंदीर आधीपेक्षा भेदरट! प्रसंग संपल्यावरही आत बांधकाम चालूच होतं. ‘तेव्हा तर धीराने वागलात, आता काय झालं?’ असं अशा काकूंना विचारणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

मग भीती ओसरते कशी? पाऊस वाजतो, पाणी येत नाही. पुन्हा वाजतो, पुन्हा येत नाही. असं होत गेलं की धडधड कमी होते. जुनी जोडणी झिजून पुसली गेली असेल, असं आपल्याला वाटतं. बहुतांशी तसं होत नाही. मेंदू एक नवी, वेगळी गोष्ट शिकतो: ‘हा आवाज आता सुरक्षित आहे.’ ती जपण्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या मधल्या, खालच्या पट्ट्याचा मोठा वाटा असतो. 2002 मध्ये मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी दाखवलं, की भीती ओसरलेल्या उंदरांमध्ये तो आवाज ऐकताच या पट्ट्यातल्या पेशी चेतवल्या जातात. भीती न ओसरलेल्या उंदरांमध्ये आवाजाबरोबर तोच पट्टा विजेने चेतवला, तर तेही कमी थिजले. हा पट्टा अमिग्डलाच्या आत बसलेल्या छोट्या, दाबून धरणाऱ्या पेशींना जागं करतो आणि त्या बाहेर जाणारा हुकूम अडवतात, असं मानतात. धोक्याची घंटा आत वाजतच असते. तिचा आवाज अंगापर्यंत पोचत नाही, इतकंच.

दोन आठवणी शेजारी-शेजारी नांदत असल्यामुळे कुठली वर येईल, हे जागेवर ठरतं. काकू आठ-पंधरा दिवस कोथरूडला लेकीकडे राहिल्या, तिथे पावसात निवांत झोपू लागल्या, म्हणून घरी परतल्यावरही झोपतील असं नाही. सुरक्षिततेचा धडा फार जागाधार्जिणा असतो. भीतीचा धडा कुठेही चालतो. शिवाय काळ लोटला की भीती आपोआप डोकं वर काढते. उन्हाळाभर नाव नसलेली धडधड पुढच्या जूनमध्ये परत आली, तर आधीचे प्रयत्न फुकट गेले असं समजायचं कारण नाही. दुसऱ्या खेपेला ती सहसा लवकर ओसरते.

त्यामुळे हा धडा गिरवायचा तो त्याच घरात, खऱ्या पावसात, आणि शक्यतो पुरेशी झोप झालेली असताना. कारण दमलेला, ताणलेला प्रीफ्रंटल आधी ढिला पडतो. इथे एक चूक हमखास होते. दर दहा मिनिटांनी मोबाइलवर विसर्गाचा आकडा बघितला, की मेंदू ‘पाणी आलं नाही’ हे शिकण्याऐवजी ‘आकडा बघितला म्हणून वाचलो’ हे शिकतो. अर्थात नदीकाठी आकडा बघणं सोडून देणं हा वेडेपणाच. झोपण्याआधी एकदा बघावा, इशारा आला तर उठवायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावं आणि पत्र्याचा आवाज ऐकत पडून राहावं. नदीने मात्र पुन्हा एकदाच घर गाठलं, तर जुनी भीती एका फटक्यात पूर्ण ताकदीने परतते, आणि त्या वेळी अमिग्डलाचंच म्हणणं खरं असतं.